मोठा, विशाल, प्रचंड, अवाढव्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत मराठी मजकुराचं मुद्रितशोधन आणि अनुवाद करताना मला ज्या शंका सारख्या विचारल्या जातात, त्यांत 'मोठा' या अर्थाच्या शब्दांचा वाटा बराच आहे. विचारणाऱ्यांत बातम्या लिहिणारे आहेत, जाहिरातींचा मजकूर करणारे आहेत, महाविद्यालयातले विद्यार्थी आहेत आणि शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईही आहेत. त्यांचेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'मोठा' हा साधा शब्द असताना विशाल, विस्तीर्ण, प्रचंड, अवाढव्य असे इतके शब्द कशाला? अर्थ तर एकच ना?

अर्थाचा गाभा एकच आहे, पण प्रत्येक शब्द वेगळी गोष्ट मोजतो. 'मोठा' काहीही मोजतो: आकार, वय, मान, आवाज, रक्कम. 'मोठं घर', 'मोठी बहीण', 'मोठा साहेब', 'मोठ्याने बोल' आणि 'मोठी रक्कम' या पाचही ठिकाणी तोच एक शब्द चालतो. बाकीच्या शब्दांनी आपापला एकेक प्रांत निवडला आहे.

'विस्तीर्ण' पसरलेल्या गोष्टीचा आहे, म्हणजे मैदान, पठार, जलाशय. 'टोलेजंग' बांधकामाचा आहे. 'महाकाय' आणि 'अवाढव्य' अंगाने मोठ्या असलेल्या गोष्टीचे आहेत. 'प्रचंड' मुळात जोराचा शब्द आहे. संस्कृतात 'चंड' म्हणजे उग्र, तापट. त्यामुळे आजही लाट, स्फोट, गर्दी, दबाव यांना 'प्रचंड' जितका शोभतो तितका तो शांत तळ्याला शोभत नाही. 'भव्य'मध्ये माप दुय्यम असतं, बघणाऱ्यावर पडणारी छाप मुख्य. 'अथांग' फक्त खोलीचा आहे, कारण त्यातला 'थांग' म्हणजे तळाचा ठाव.

हे शब्द म्हणजे मोठा, त्याहून मोठा, सगळ्यांत मोठा अशी चढती रांग आहे, हा समज शाळेतल्या समानार्थी शब्दांच्या यादीमुळे होतो. यादीत ते एकाखाली एक छापलेले असतात म्हणून ते एकमेकांच्या जागी बसतात असं वाटतं. प्रत्यक्षात ते शेजारी शेजारी उभे आहेत.

२. लिहिताना इतका विचार करायला वेळ नसतो. कोणता शब्द घ्यायचा ते पटकन कसं ठरवावं?

ती गोष्ट मोठी आहे हे तुम्हाला कशावरून कळलं, एवढंच स्वतःला विचारा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवावी लागली, तर 'विस्तीर्ण'. मान वर करावी लागली, तर 'उत्तुंग' किंवा नुसतं 'उंच'. हलवता, उचलता, सांभाळता येणार नाही असं वाटलं, तर 'अवाढव्य'. अंगावर धक्का जाणवला, तर 'प्रचंड'. आत शिरल्यावर मोकळं वाटलं, तर 'प्रशस्त' किंवा 'ऐसपैस'. शेवट कुठे आहे तेच कळेना, तर 'अफाट'.

बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे, ते 'विस्तीर्ण'. राजाबाई टॉवर २८० फूट उंच आहे, पण तो सडसडीत आहे. त्याला 'अवाढव्य' म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भलतंच बांधकाम उभं राहतं. त्याला 'उत्तुंग' शोभतो. नरिमन पॉइंटला कट्ट्यावर बसून क्षितिजापर्यंत दिसणारा समुद्र 'विस्तीर्ण' असतो. त्याच पाण्याच्या तळाचा विचार मनात आला की तो 'अथांग' होतो. समुद्र तोच, आपण मोजतोय ती बाजू बदलली.

३. किती मोठं झालं की 'मोठा'चा 'प्रचंड' होतो? काही माप आहे का?

फुटामीटरात माप नाही. माप त्या नामात असतं. मोठी मुंगी छोट्या हत्तीपुढे कुठेच नसते, तरी मुंगी 'मोठी' आणि हत्ती 'छोटा'च, कारण आपण मुंगीची तुलना मुंग्यांशी करतो आणि हत्तीची हत्तींशी.

मुंबईत हे रोज दिसतं. गिरगावात दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या माणसाला ५०० चौरस फुटांची जागा 'मोठी' वाटते, आणि ती त्याच्या मापाने खरोखर मोठी असते. कोकणातून आलेल्या, घराभोवती अंगण आणि मागे परसू असलेल्या पाहुण्याला तीच जागा 'छोटी' वाटते. दोघांचंही मराठी बरोबर आहे.

'प्रचंड', 'अवाढव्य', 'अजस्र' हे शब्द एक पाऊल पुढे जातात. ती गोष्ट त्या जातीच्या गोष्टींच्या नेहमीच्या मापातच बसत नाही, असं ते सांगतात. म्हणून 'अवाढव्य घूस' म्हणता येतं. घूस मांजराएवढी असली तरी पुरे, कारण घूस तेवढी असू नये अशी आपली कल्पना असते. वाचकाला त्या गोष्टीचं नेहमीचं माप ठाऊकच नसेल, तर हे शब्द फुकट जातात. अशा वेळी आधी आकडा द्यावा किंवा ओळखीच्या वस्तूशी तुलना करावी.

४. 'थोडा मोठा' चालतं, मग 'थोडा प्रचंड' का चालत नाही?

'मोठा' कमीजास्त होऊ शकतो. थोडा मोठा, बराच मोठा, त्यापेक्षा मोठा, सगळ्यांत मोठा. 'प्रचंड', 'अवाढव्य', 'अजस्र', 'अफाट' यांच्यात 'खूप' आधीच मुरलेलं आहे. म्हणून 'थोडा प्रचंड' कानाला खटकतं, 'खूप अवाढव्य' पुनरुक्त वाटतं आणि 'यापेक्षा प्रचंड' अडखळायला लावतं. तुलना करायची असेल तर बिनधास्त 'मोठा'कडे या: 'हे धरण त्या धरणापेक्षा कितीतरी मोठं आहे.'

'भव्य', 'प्रशस्त' आणि 'विस्तीर्ण' मात्र तुलनेत चालतात. 'जुन्यापेक्षा नवं सभागृह प्रशस्त आहे' हे सरळ मराठी वाक्य आहे. हे शब्द टोक सांगत नाहीत, गुण सांगतात, आणि गुण कमीअधिक असू शकतो.

'प्रचंड मोठा' ही जोडी चालते, कारण तिथे 'प्रचंड' हे 'मोठा'चं विशेषण नसून त्याला जोर देणारा शब्द झालेला असतो. त्याबद्दल प्रश्न १३ पाहा.

५. इंग्रजीतल्या लार्ज, व्हास्ट, एनॉर्मस आणि कोलोसल या शब्दांना मराठीत नेमके कोणते शब्द?

अनुवाद करणाऱ्यांचा हा सगळ्यांत आवडता प्रश्न. एकास एक जोड्या लावू नका, एवढंच माझं सांगणं. चारही शब्द वेगवेगळ्या मुळांतून आले आहेत आणि तो वास अजून गेलेला नाही.

'लार्ज' ज्या लॅटिन शब्दातून आला त्याचा अर्थ विपुल, उदार असा होता. आज तो 'बिग'पेक्षा थोडा औपचारिक आणि भावनाविरहित आहे. कपड्यांची मापं, आकडेवारी, अहवाल यांत तो शोभतो. मराठीत 'बिग' आणि 'लार्ज' दोघांनाही 'मोठा' पुरतो, कारण 'मोठा' घरातही चालतो आणि अहवालातही.

'व्हास्ट'चं मूळ ओसाड, रिकामा या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. म्हणून तो वाळवंट, समुद्र, आकाश यांना लागतो, पेटीला किंवा कुत्र्याला सहसा नाही. त्याचा सगळ्यांत जवळचा सोबती 'विस्तीर्ण' किंवा 'अफाट'. 

'एनॉर्मस'च्या मुळाशी 'नॉर्मा', म्हणजे सुताराचा गुण्या आहे. जे गुण्याबाहेर गेलं, नेहमीच्या मापात राहिलं नाही, ते एनॉर्मस. आपल्या 'अवाढव्य' आणि 'प्रचंड'चं काम हेच आहे, प्रश्न ३ मध्ये सांगितलं तसं.

'कोलोसल' पुतळ्यावरून आला. ऱ्होड्स बेटावर इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात सूर्यदेवाचा सुमारे ३३ मीटर उंचीचा पुतळा होता. भूकंपात तो कोसळला, पण त्याचं नाव मागे राहिलं. पुतळा, यंत्र, जहाज असेल तर 'महाकाय' किंवा 'अजस्र' नेमका बसतो.

खरी गंमत अमूर्त नामांशी येते. तिथे विशेषण बाजूला ठेवून पूर्ण जोडीच मराठीत विचारात घ्यावी. 'लार्ज फॅमिली' म्हणजे 'मोठं कुटुंब', आणि बोलण्यात 'मोठं खटलं'. 'व्हास्ट एक्स्पीरियन्स' म्हणजे 'दांडगा अनुभव'. 'विस्तीर्ण अनुभव' कोणी म्हणत नाही. 'व्हास्ट मेजॉरिटी' म्हणजे 'बहुसंख्य'. 'एनॉर्मस प्रेशर' म्हणजे 'प्रचंड दबाव'. 'कोलोसल ब्लंडर' म्हणजे 'घोडचूक', ज्यात मोठेपणा शब्दाच्या पोटातच आहे. 'कोलोसल वेस्ट' म्हणजे 'अतोनात नासाडी'.

६. माझ्या मजकुरात 'विशाल' पुन्हा पुन्हा येतो. दुरुस्ती कशी करायची ते एखाद्या उदाहरणावर दाखवाल का?

पर्यटकांसाठी घारापुरीची माहिती लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला हा उतारा पाठवला होता:

'मुंबईजवळच्या विशाल समुद्रात घारापुरी बेट आहे. तिथे डोंगर कोरून विशाल लेणं तयार केलं आहे. आत विशाल खांब आहेत आणि मागच्या भिंतीत शिवाची विशाल त्रिमुखी मूर्ती आहे. बेटावर पूर्वी दगडाचा विशाल हत्ती होता.'

व्याकरणाची चूक एकही नाही. पण पाच गोष्टींना एकच शब्द लावल्याने पाचही गोष्टी धूसर झाल्या आहेत. एकेक घेऊ.

समुद्र. गेटवेहून लाँचने जाताना आपण खाडीच्या तोंडाशी असलेल्या बंदराच्या पाण्यातून जातो. आजूबाजूला जहाजं, समोर बेटं आणि किनारा दिसत राहतो. हा समुद्र विस्तीर्ण वा अथांग वाटण्याची जागाच नाही. विशेषण काढून टाका आणि त्याऐवजी वेळ द्या: लाँचने सुमारे तासभर लागतो.

लेणं. मुख्य लेणं दर्शनी भागापासून मागच्या भिंतीपर्यंत सुमारे ३९ मीटर आत जातं. आपण त्यात चालतो, थांबतो, खांबांमधून वळतो. आत वावरता येणारी जागा, म्हणून 'प्रशस्त'.

खांब. ते जाड आहेत, बसके आहेत, वर उशीसारखी फुगीर शीर्षं आहेत. त्यांचा मोठेपणा उंचीत नाही, घेरात आहे. इथे 'जाडजूड' किंवा 'भक्कम' जास्त दाखवतो.

मूर्ती. माणसाच्या तिप्पट-चौपट उंचीची ही मूर्ती नुसत्या मापाने मोठी आहेच, पण लोक तिच्यापुढे गप्प होतात ते मधल्या चेहऱ्याच्या मिटल्या डोळ्यांमुळे आणि मागच्या अंधारामुळे. मोजमाप नाही, छाप. म्हणून 'भव्य'. 'अवाढव्य' लिहिलं असतं तर आकार तोच राहिला असता आणि मूर्ती बेढब झाली असती, कारण 'अवाढव्य'मध्ये न आवरणारं, प्रमाण सुटलेलं असा सूर असतो.

हत्ती. हत्ती म्हटल्यावर मोठं प्राणीरूप डोळ्यांपुढे आपोआप येतं. 'दगडी हत्ती' एवढंच पुरे. त्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं, आणि तो आज भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे, ही माहिती कोणत्याही विशेषणापेक्षा जास्त काम करते.

दुरुस्त उतारा असा झाला: 'गेटवेहून लाँचने सुमारे तासाभरात घारापुरी बेटावर पोहोचता येतं. तिथे डोंगर कोरून केलेलं प्रशस्त लेणं आहे. आतल्या जाडजूड खांबांमधून चालत गेलं की मागच्या भिंतीत शिवाची भव्य त्रिमुखी मूर्ती दिसते. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं, तो आता भायखळ्याच्या संग्रहालयाच्या आवारात आहे.' पाच 'विशाल'ऐवजी तीन वेगळी विशेषणं उरली, आणि दोन ठिकाणी एकाचीही गरज पडली नाही.

७. यातले बोलण्यातले शब्द कोणते आणि लिहिण्यातले कोणते?

बोलताना आपण विशेषणापेक्षा स्वरावर जास्त विसंबतो. 'केवढं मोठं झाड!', 'हा एवढा मासा!' (हात पसरून), 'भलीमोठी रांग होती', 'मोठ्ठा' असा ठ ताणून केलेला उच्चार. गावाकडचं वळण असेल तर 'लई मोठा'. हे शब्द संवादात, पत्रात, ललित लेखनात जिवंत वाटतात.

'प्रचंड', 'अवाढव्य', 'भव्य', 'अफाट' दोन्हीकडे चालतात. 'विस्तीर्ण', 'विशाल', 'विराट', 'महाकाय', 'उत्तुंग' हे लिहिण्यातले, भाषणातले. चहा पिताना कोणी 'काल विस्तीर्ण मैदानात खेळलो' म्हणत नाही, 'मोठ्या मैदानात' म्हणतो.

घोळ होतो तो मिसळ केल्यावर. 'भलामोठा प्रकल्प शासनाच्या विचाराधीन आहे' या वाक्यात अर्धं वाक्य ओट्यावर बसलेलं आहे आणि अर्धं मंत्रालयात. दोन्ही टोकं एका पातळीवर आणा: 'मोठा प्रकल्प शासनाच्या विचाराधीन आहे.' शंका आली की 'मोठा' घ्या. तो कुठल्याच पातळीवर परका वाटत नाही.

८. कार्यालयीन पत्रात 'प्रचंड' लिहावं का?

शक्यतो नको. 'प्रचंड'मध्ये लिहिणाऱ्याची भावना दिसते, आणि कार्यालयीन मजकुरात ती दिसू नये अशी अपेक्षा असते. तिथे 'मोठ्या प्रमाणावर', 'व्यापक', 'विस्तृत', 'लक्षणीय' हे शब्द रूढ आहेत. यांतही फरक आहे: मोहीम 'व्यापक' असते, अहवाल 'विस्तृत' असतो, वाढ 'लक्षणीय' असते. 'विस्तृत मोहीम' आणि 'व्यापक अहवाल' अशी अदलाबदल बऱ्याच पत्रांत दिसते, ती टाळावी. तक्रार अर्ज लिहिताना तर आकडाच द्या. 'रस्त्यावर प्रचंड खड्डा आहे' यापेक्षा 'सुमारे चार फूट रुंद आणि एक फूट खोल खड्डा आहे' हे वाचून कर्मचाऱ्याला काय सामान घेऊन यायचं ते कळतं.

९. 'बृहन्मुंबई' असं का लिहितात? 'बृहत्मुंबई' किंवा 'बृहद्मुंबई' चूक का?

शब्द 'बृहत्' आहे, अर्थ मोठा, विस्तारलेला. त्याच्यापुढे म आला की संधीच्या नियमाने त् चा न् होतो: बृहत् + मुंबई = बृहन्मुंबई. जगत् + नाथ = जगन्नाथ किंवा सत् + मती = सन्मती यांतही हेच घडतं. 'बृहन्महाराष्ट्र'ही असाच. पुढे क, स यांसारखं कठोर व्यंजन असेल तर त् तसाच राहतो: बृहत्कोश, बृहत्कथा. स्वर आला तर द् होतो: बृहदारण्यक.

अर्थाचीही एक बारीक बाजू आहे. 'बृहन्मुंबई' म्हणजे 'खूप मोठी मुंबई' नव्हे, तर मूळ शहराला उपनगरं जोडून वाढलेली मुंबई. शहराची हद्द १९५० मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये वाढवली गेली, आणि दुसऱ्या वेळी ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोहोचली. 'बृहत्' इथे आकाराची स्तुती करत नाही, व्याप्ती सांगतो. 'बृहत् आराखडा'तही तोच अर्थ आहे. म्हणून 'बृहत् इमारत', 'बृहत् झाड' असं होत नाही.

१०. रेल्वेचा मेगाब्लॉक आणि जम्बो ब्लॉक यांत मोठा कोणता?

नावावरून ठरत नाही. मध्य रेल्वे रविवारच्या देखभालीच्या कामासाठी 'मेगाब्लॉक' म्हणते, पश्चिम रेल्वे तशाच कामाला 'जम्बो ब्लॉक' म्हणते. ब्लॉक किती तासांचा आणि कोणत्या स्थानकांदरम्यान, हे सूचनेतच पाहावं लागतं. मुंबईकरांनी हे शब्द आता इतके आपलेसे केले आहेत की बातमीत त्यांना 'महाखंड' वगैरे प्रतिशब्द देऊ नयेत. कळणार कोणालाच नाही.

११. कार्यक्रमाच्या फलकावर 'भव्य' लिहायचं की नाही?

फलक पाहा: भव्य रक्तदान शिबिर, भव्य आरोग्य तपासणी, भव्य वह्यावाटप. रक्तदान शिबिरात एक खोली, चार खाटा आणि बिस्किटांचे पुडे असतात, आणि ते काम मोलाचं असतं. पण त्यात डोळे दिपवणारं काही नसतं, असायची गरजही नसते. 'भव्य' शोभतो मिरवणुकीला, मंडपाला, रोषणाईला, जे बघायला लोक येतात त्याला. शिबिराच्या फलकावर वेळ, ठिकाण आणि रक्तपेढीचं नाव ठळक लिहिलं तर जास्त माणसं येतील, असं मला मनापासून वाटतं.

उलट बाजूची चूक जास्त गंभीर आहे. 'भव्य आग', 'भव्य अपघात', 'विराट नुकसान' असं घाईत लिहिलेलं कधी कधी तपासायला येतं. 'भव्य' आणि 'विराट' या दोन्ही शब्दांत आदर आहे. दुर्घटनेला ते लावले की माणसं दुखावतात. आगीला 'भीषण', अपघाताला 'भीषण' किंवा 'भयंकर', नुकसानीला 'प्रचंड' किंवा 'अपरिमित'. कोणाचं काही गेलं असेल तिथे हा फरक कटाक्षाने पाळावा.

१२. 'घसघशीत', 'गडगंज', 'दणदणीत', 'जंगी' हे शब्दही 'मोठा'च सांगतात ना?

हो, पण ते ठरावीक नामांशी लग्न लागलेले शब्द आहेत. वाढ, सवलत 'घसघशीत' असते. संपत्ती 'गडगंज'. विजय 'दणदणीत'. पगार 'लठ्ठ' किंवा 'गलेलठ्ठ'. पीक आणि मतदान 'भरघोस'. सभा, स्वागत, कुस्त्या 'जंगी', आणि यात फारसीतला 'जंग', म्हणजे लढाई, अजून ऐकू येते. अदलाबदल केली की लगेच कळतं: 'गडगंज विजय', 'दणदणीत पगार' हे कोणी बोलणार नाही. नियम नाही, कान हाच आधार. नवी जोडी सुचली तर ती मोठ्याने म्हणून पाहा.

घरांच्या जाहिरातीतला 'प्रशस्त' हाही आता असाच घराला चिकटला आहे. संस्कृतात त्याचा अर्थ प्रशंसा झालेला, वाखाणलेला असा आहे. मराठीत तो ऐसपैस जागेवर स्थिरावला.

१३. 'प्रचंड आवडलं', 'प्रचंड कंटाळा' हे बरोबर आहे का?

बोलण्यात पूर्णपणे बरोबर. शब्दाचा अर्थ मोठा वरून 'खूप'कडे सरकणं ही जुनी वाट आहे, 'भयंकर'ही तिच्यावरूनच गेला: 'भयंकर छान'. 'प्रचंड कंटाळा' तर लिखाणातही चालतो, कारण कंटाळा हे नाम आहे आणि त्याला जोर असतो. 'प्रचंड सुंदर', 'प्रचंड शांत' मात्र लेखात टाळा. 'शांत'च्या आधी उग्र मुळाचा शब्द आला की दोघेही एकमेकांना मारतात.

१४. 'मोठा माणूस', 'थोर माणूस', 'महान माणूस' आणि 'थोरला' यांत फरक काय?

'मोठा माणूस' संदर्भावर सोडलेला असतो. मुलाला सांगताना 'तू आता मोठा माणूस झालास' म्हणजे वयाने. 'त्यांची मोठ्या माणसांत ऊठबस आहे' म्हणजे पैशाने किंवा पदाने. 'मनाने मोठा' म्हणजे दिलदार.

'थोर' कर्तृत्व आणि चारित्र्य दोन्ही सांगतो, आणि मराठी कानाला तो 'महान'पेक्षा जवळचा आहे. 'महान' हिंदीच्या सहवासाने हल्ली फार वाढला आहे. वाक्यात 'थोर' बसत असेल तर तो आधी वापरून पाहा. 'थोरला' फक्त नात्यातला क्रम सांगतो: थोरला मुलगा, थोरली जाऊ, थोरले बाजीराव. थोरले बाजीराव थोर होते, पण त्यांना 'थोरले' म्हणतात ते दुसऱ्या बाजीरावांपासून वेगळं ओळखण्यासाठी. 'मोठे काका'तही उंचीचा संबंध नाही. काका उंच आणि दणकट असतील तर ते 'धिप्पाड'. 'विशाल', 'अवाढव्य' हे शब्द ओळखीच्या माणसाच्या देहाला लावले तर अपमान होतो.

१५. 'अजस्र' की 'अजस्त्र'?

'अजस्र', स ला र. 'वस्त्र', 'शस्त्र' यांच्या सवयीने मधे त घुसतो. 'सहस्र'चं 'सहस्त्र' होतं ते याच सवयीने. संस्कृतात 'अजस्र' म्हणजे न थांबणारं, अखंड. मराठीत अर्थ आकाराकडे वळला, पण जुनी छटा पूर्ण गेलेली नाही. म्हणून धबधबा, यंत्रणा, पसारा यांना तो फार छान बसतो.

१६. 'मोठा'ची रूपं बदलतात, 'विशाल'ची का नाही? आणि 'मोठमोठा' एकवचनात चालतो का?

आकारान्त विशेषणं नामाप्रमाणे बदलतात: मोठा वाडा, मोठी इमारत, मोठं मैदान, मोठ्या वाड्यात. 'विशाल', 'प्रचंड', 'भव्य', 'विस्तीर्ण' हे आकारान्त नाहीत, म्हणून ते जसेच्या तसे राहतात. 'भलामोठा'त दोन्ही भाग बदलतात: भलीमोठी पेटी, भल्यामोठ्या पेटीत. 'भलामोठी' ही चूक घाईत होते.

'मोठमोठा' एकवचनात नाही. द्विरुक्ती इथे 'अनेक, आणि प्रत्येक मोठा' असं सांगते. लोअर परळला गिरण्यांच्या जागी 'मोठमोठ्या इमारती' उभ्या राहिल्या, हे बरोबर. त्यांतली एकच दाखवायची असेल तर ती 'मोठी इमारत' किंवा 'टोलेजंग इमारत'. 'मोठाल्या' हाही बहुवचनातच रमतो, आणि त्यात थोडी तक्रार असते: 'एवढ्या मोठाल्या पिशव्या घेऊन लोकलमध्ये चढू नका.'